दोन व्याह्यांचे चट्टे

रामाजी बोरकुटे भिलाईला आला तेव्हा तिथे पोलादाचा कारखाना नव्हता, कारखान्यासाठी खोदलेले खड्डे होते. त्याआधी सहा वर्षं तो साकोलीला गुरांच्या दवाखान्यात बैलांच्या सोललेल्या खांद्यांना मलम लावत असे. भिलाईत मुलाखत घेणाऱ्या साहेबाने विचारलं, "ड्रेसिंग येतं का?" रामाजी म्हणाला, "येते साहेब." कुणाचं येतं हे साहेबाने विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची रामाजीला सवय नव्हती. सत्तावन्न साली तो ड्रेसर झाला. तंबूतल्या दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात त्याला कळलं, की माणूस बैलापेक्षा सोपा. लाथ मारत नाही, फक्त बोलतो फार.

पुढे तंबू गेला, कामगारांच्या सेक्टरात पक्का दवाखाना झाला, आणि रामाजीला स्वतःचं टेबल मिळालं. मोठे डॉक्टर ताप, जुलाब आणि अपघात यांतून मान वर काढू शकत नसत, त्यामुळे कातडीवरचं जे काही येई ते आपसूक रामाजीच्या टेबलाकडे वळे. तो खुर्चीतून उठत नसे. दारात माणूस उभा राहिला, की तिथूनच एक नजर टाकायची आणि निकाल द्यायचा. "खरूज. बसा." "गजकर्ण. बसा." "गळू. बसा, अन् अजून दोन दिस पिकू द्या." या तिन्हींत जे बसत नसे त्याला तो 'अंगातली गरमी' म्हणे. ही एक नजर सेक्टरभर प्रसिद्ध होती. बरेचसे लोक बरे व्हायचे, कारण बरेचसे लोक तसेही बरे होतातच. जे व्हायचे नाहीत ते मुकाट्याने दुर्गच्या वैद्याकडे जायचे, त्यामुळे रामाजीच्या कानावर फक्त कौतुकच येई.

रामाजीला दुसरा नाद होता तो सोयरिकी जुळवण्याचा. भंडारा-गोंदियाकडून आलेली घरं त्याला माहीत, कोणाचा मुलगा कारखान्याच्या कोणत्या शॉपमध्ये लागला ते माहीत, आणि टेबलापाशी येऊन माणूस सदरा काढतो तेव्हा मनातलंही थोडं काढतो. चार वर्षांत त्याने अकरा लग्नं जुळवली होती.

बारावं जुळत आलं होतं एकसष्टच्या डिसेंबरात. मुलगी नलू, दौलतराव कापगतेंची. दौलतराव रोलिंग मिलमध्ये स्केलच्या खड्ड्यावर मुकादम होते. तापलेल्या पोलादावर काळी खपली धरते, पाण्याचा मारा बसला की ती तडकून खाली पडते, त्या खपलीला मिलमध्ये सगळे स्केल म्हणत. ती उपसून वाघिणीत भरून घेणं हे दौलतरावांचं काम. मुलगा गुलाब, सुखराम बावनकुळेंचा. सुखराम दुर्गच्या यार्डात रूळ बदलणारा पॉइंट्समन, तुमसरचा माणूस, रेल्वेतली दुसरी पिढी. कारखाना काल आला आणि रेल्वे आजोबांच्या काळापासून आहे, हे तो दर तिसऱ्या वाक्याला सांगत असे.

बोलणी रविवारी सकाळी दौलतरावांच्या क्वार्टरात ठरली. मधे रामाजी, डावीकडे दौलतराव, उजवीकडे सुखराम आणि त्याची बायको अंजनाबाई. दौलतरावांच्या बायकोने, राधाबाईंनी, चिवडा आणि चहा ठेवला. सगळं छान चाललं होतं, फक्त दोन्ही बापांनी सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून घट्ट बंद केल्या होत्या. थंडी होती, पण इतकी नव्हती.

सुखरामने चिवड्याच्या बशीकडे हात लांब केला आणि बाही वर सरकली. मनगटाच्या मागे, हाताच्या पाठीवर, रुपयाएवढा एक गोल चट्टा. त्यावर पांढरी पावडर थापलेली. बशीत थोडी पावडर पडली. राधाबाईंनी बशी पाहिली, चट्टा पाहिला, आणि चिवडा परत आत नेला.

"हे काय होय सुखरामजी?" दौलतरावांनी विचारलं.

"काही नाई. यार्डात घासलं."

"गोल घासलं?"

सुखरामचं लक्ष दौलतरावांच्या कोपराकडे गेलं होतं. तिथे सदऱ्याच्या बाहीवर तेलाचा हातभर डाग फुटला होता. "अन् तुमच्या कोपराले काय झालं? कढई सांडली का?"

आता दोघांनाही बाह्या वर करणं भाग पडलं. दौलतरावांच्या दोन्ही कोपरांवर लालभडक चट्टे, तेलाने चकाकत होते. सुखरामच्या हातावर दोन, आणि धोतर वर केल्यावर नडगीवर आणखी चार, सगळे गोल, पांढरे.

"रोग लपवून पोरगी देऊन राहिले," सुखराम रामाजीला म्हणाला.

"रोग लपवून पोरगं देऊन राहिले," दौलतराव रामाजीलाच म्हणाले.

दोघेही रामाजीकडे पाहत राहिले. अकरा लग्नांची पुण्याई त्याच्या पाठीशी होती. त्याने एक नजर इकडे टाकली, एक नजर तिकडे. हेही गोल, तेही गोल. हेही लाल, पावडरीखाली तेही लालच असणार. दोघेही खाजवतात, दोघांचंही थंडीत वाढतं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"दोघायचा रोग एकच हाये," तो म्हणाला. "आता कोणं कोणाले बोलावं? मी अकरा लगनं लावली, पण व्याह्याव्याह्याचा रोग जुळला असं स्थळ पयल्यांदाच पायतो. याच्याहून चांगला गुण पत्रिकेत तरी मिळते का?"

दोघांनीही बाह्या पुन्हा खाली घेतल्या. राधाबाईंनी चिवडा परत आणला. बरं झालं की तारीख धरू, असं ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी रामाजीने दवाखान्यातल्या मोठ्या बरणीतून दोन डब्या भरल्या. डांबराचं काळं मलम, जुनाट चट्ट्यांसाठी येत असे ते. एक डबी दौलतरावांना, एक सुखरामला. दोन वेळा, चोळून.

दहा दिवसांनी दौलतराव टेबलापाशी आले ते हसत. अंगाला सडक नवीन केल्यासारखा वास येत होता, पण कोपरं बरीच मऊ पडली होती. रामाजीने मान डोलावली, जणू डांबर त्यानेच जमिनीतून काढलं होतं.

त्यांच्या पाठोपाठ सुखराम आला. त्याला अंजनाबाईंनी धरून आणलं होतं. नडग्यांवरचे चट्टे सुजून दुप्पट झाले होते, पाणी गळत होतं, धोतर त्यांना चिकटलं होतं.

"मले सांग रामाजी," सुखराम म्हणाला, "त्या मुकादमाचं कसं बरं झालं अन् माझं कावून सडून राहिलं?"

"तुमी चोळलं नसन नीट."

"चोळलं. कातडं निघेपर्यंत चोळलं."

"मंग जास्त चोळलं."

सुखरामने दोन्ही हात टेबलावर ठेवले. त्याच्या डोक्यात गोष्ट स्पष्ट होती. दौलतराव कारखान्याचा माणूस, दवाखाना कारखान्याचा, मलम कारखान्याचं. आपण पडलो रेल्वेचे. "तू त्याले असली मलम देल्ली, मले नकली देल्ली," तो म्हणाला. "कारखान्यावाले कारखान्यावाल्यालेच पायतात."

"एकाच बरणीतलं हाये सुखरामजी."

"वरचं त्याले, खालचं मले."

ही बातमी दौलतरावांपर्यंत पोहोचायला एक शिफ्ट लागली. त्यांनी निरोप पाठवला, की ज्या माणसाला मलम पचत नाही त्याच्या घरी माझी पोरगी जाणार नाही. सुखरामने उलट निरोप पाठवला, की डांबर ज्याला मानवतं तो माणूस आहे की रस्ता, हे आधी ठरवा. दोन्ही निरोप रामाजीच्याच तोंडून जात असल्यामुळे दोन्ही शिव्या त्यालाच आधी ऐकाव्या लागल्या.

मोठ्या दवाखान्यातून दर गुरुवारी आता कातडीच्या डॉक्टर येऊ लागल्या होत्या. डॉक्टर बारलिंगे, नागपूरच्या, अंगाने लहानखुऱ्या, सोबत स्वतःचं भिंग आणि काचेच्या पट्ट्यांची पेटी. रामाजीला त्यांचं येणं आवडलं नव्हतं. त्या एका माणसाला वीस-वीस मिनिटं पाहत. ज्या कामाला एक नजर पुरते त्याला वीस मिनिटं लागावीत, याचा अर्थ बाईंना येत नाही, असं त्याचं मत होतं. पण आता दुसरा रस्ता उरला नव्हता. त्याने दोघांनाही गुरुवारी बोलावलं.

दोघेही आले ते नटून. डॉक्टरीणबाई पाहणार म्हणून राधाबाईंनी दौलतरावांची कोपरं पहाटे वज्रीने घासून काढली होती, वर खोबरेल चोळलं होतं. एक पापुद्रा शिल्लक नव्हता. कोपरं लाल, ओली, चकचकीत, इथेतिथे रक्ताचे बारीक ठिपके. सुखराम मात्र गळतं अंग घेऊन बाईमाणसासमोर जायची लाज वाटून अंजनाबाईंचा पावडरचा डबा अर्धा रिकामा करून आला होता. त्याचे चट्टे कोरडे, पांढरेशुभ्र, झटकले की भुरभुरत होते.

बाईंनी आधी दोघांना शेजारी शेजारी बसवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. रामाजीच्या मनात आशा पालवली.

"स्केल किती पडतं?" त्यांनी दौलतरावांना विचारलं.

दौलतराव सरळ झाले. कुणीतरी अखेर त्यांच्या कामाची चौकशी करत होतं. "शिफ्टले दोन वाघिणी, बाई. रेल रोलिंग असन तर अडीच."

बाईंनी लेखणी खाली ठेवली.

"लोखंडी पंज्यानं उचलतो," दौलतराव पुढे म्हणाले. "क्रेननं."

"मी तुमच्या कोपराबद्दल विचारते आहे. कातडीच्या पापुद्र्यांना आम्हीही स्केलच म्हणतो."

"कोपराचं काय बाई, ते झाडून घेतो. बिछान्यात पडते. सकाळी राधा चादर झटकते तं भुसा पडल्यावानी पडते."

"मग आज कुठे गेलं?"

"घासून काढलं. तुमी पायनार म्हनून."

बाई सुखरामकडे वळल्या. ओला कापूस घेतला, नडगीवरच्या एका चट्ट्यावरून हलकेच फिरवला. पावडर कापसावर आली, आणि खाली पिवळसर खपली, तिच्या फटींतून झिरपणारं पाणी. त्यांनी कापूस रामाजीच्या नाकासमोर धरला. त्याला मोगऱ्याचा वास येत होता.

"एकाने जे पाहायचं होतं ते पुसून टाकलं," बाई म्हणाल्या, "आणि दुसऱ्याने नव्हतं ते थापून आणलं. एकमेकांचा वेश घालून आलात तुम्ही. आता पुढच्या गुरुवारपर्यंत घासणं नाही, तेल नाही, पावडर नाही. डांबर दोघांचंही बंद. बावनकुळे, तुम्ही फक्त हे पाणी." त्यांनी जांभळ्या दाण्यांची पुडी दिली. पाणी फिकं गुलाबी होईल इतकेच दाणे टाकायचे, त्यात फडकं भिजवून चट्ट्यावर ठेवायचं, दिवसातून तीनदा.

दोघेही गेल्यावर रामाजी म्हणाला, "बाई, गोल ते गोल. त्यात पायचं काय?"

"गजकर्णही गोल असतं," बाई म्हणाल्या. "आणि पैसासुद्धा गोल असतो. तुम्ही चट्ट्याचा आकार पाहता, बोरकुटे. मी त्याची कड आणि त्याच्यावरचं छप्पर पाहते."

रामाजीला हे लागलं. तो आठवडाभर दारातूनच निकाल देत राहिला खरा, पण प्रत्येक 'बसा' म्हणताना त्याची जीभ थोडी अडखळे. एकदा तर तो खुर्चीतून उठला आणि एका माणसाचं गळू वाकून पाहून आला. ते गळूच होतं. तरी रांगेतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

पुढच्या गुरुवारी दोघेही पारोसे आले. सुखरामच्या नडग्या गुलाबी पाण्याने तपकिरी पडल्या होत्या, पण गळणं थांबलं होतं. दौलतरावांच्या कोपरांवर पांढरं छप्पर पुन्हा चढलं होतं. बाईंनी आधी दोघांचे चट्टे कडेला खरवडून काचेवर घेतले, औषधाचा थेंब टाकला आणि बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. "बुरशी नाही," त्या म्हणाल्या. "गजकर्ण दोघांनाही नाही. आता बोरकुटे, तुम्ही या. हात धुवा आणि डोळे मिटा."

"डोळे?"

"तुमच्या नजरेने पुष्कळ काम केलं. तिला जरा विश्रांती."

बाईंनी त्याच्याच टेबलावरची पट्टी त्याच्या डोळ्यांवर बांधली. रांगेतले लोक दारात गोळा झाले. बाईंनी त्याचं बोट धरून दौलतरावांच्या दंडावर ठेवलं. "इथून कोपराकडे सरकत जा. रोग सुरू झाला की सांगा."

रामाजीचं बोट गुळगुळीत कातडीवरून गेलं, गेलं, आणि अडलं. "इथं. इथून चढते. चौरंगाची कड लागल्यावानी."

"पुढे?"

"वर सपाट. जाड. खरखरीत." बोट पुढे गेलं आणि पुन्हा उतरलं. "अन् इथं संपलं."

"आता दुसरे." त्याचं बोट सुखरामच्या नडगीवर आलं. रामाजीने ते सरकवलं. मागे आणलं. पुन्हा सरकवलं.

"सुरू झालं का?" बाईंनी विचारलं.

"झालं असन."

"कुठून?"

"नाई समजून राहिलं. इथं बारीक फुणशी लागली, मंग चांगलं कातडं, मंग पुन्हा दोन फुणश्या, मंग ओलसर, खपली. पण कड... हे आपलं विरून जाते बाई. आंबिल सांडल्यावानी."

"पाय माझा हाये, आंबिल नाई," सुखराम म्हणाला.

बाईंनी पट्टी सोडली. मग काचेच्या पट्टीच्या कडेने दौलतरावांचा चट्टा अलगद खरवडला. पांढरे, चांदीसारखे पापुद्रे उडाले, त्याखाली आणखी, त्याखाली आणखी, मेणबत्ती खरवडल्यासारखे. शेवटी एक पातळ ओलसर पडदा निघाला आणि त्याच्याखाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उभे राहिले.

"सोरायसिस," त्या म्हणाल्या. "जी कातडी सावकाश तयार व्हायची ती घाईघाईने तयार होते आणि वर थर चढत जातात. कड स्पष्ट, छप्पर चांदीचं. कोपर, गुडघा, टाळू. कापगते, कान दाखवा. हे बघा, कानामागेही आहे. नखं दाखवा." दौलतरावांच्या नखांवर बारीक बारीक खळगे होते, शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे. ते स्केलच्या खड्ड्याने पडले असं त्यांना आजवर वाटत होतं.

"अन् माझं?" सुखरामने विचारलं. त्याच्या आवाजात थोडी काळजी होती, की आपल्यालाही काही चांदीचं निघेल का.

"तुमचा नाण्यासारखा गोल इसब. बारीक फोड येतात, फुटतात, झिरपतात, वर पिवळी खपली. खाज फार, कामावर सिग्नल सोडून खाजवावंसं वाटेल इतकी. तुमची कातडी मुळातच कोरडी आहे, आणि थंडीत तुम्ही कढत पाण्याने, साबणाने घासून आंघोळ करता."

"रेल्वेचं गरम पानी फुकट हाये बाई."

"ते बंद करा. असा इसब जुना झाला, सुकला, खाजवून जाड झाला, की वर कोंडा धरतो आणि सोरायसिससारखा दिसतो. आणि सोरायसिस घासून, तेल लावून आणला की इसबासारखा दिसतो. भल्याभल्यांची फसगत होते." हे बोलताना बाईंनी रामाजीकडे पाहिलं, आणि रामाजीला प्रथमच वाटलं, की बाई वाईट नाहीत. "पण डांबर सोरायसिसला मानवतं, आणि गळत्या इसबाला लावलं तर जाळतं. तेच झालं."

"म्हंजे मलम एकच होतं," सुखराम सावकाश म्हणाला.

"एकाच बरणीतलं," रामाजी म्हणाला. मग घसा साफ करून म्हणाला, "चूक माझी होती सुखरामजी. दोघायले एकच समजलो." ही कबुली त्याने आयुष्यात पहिल्यांदाच दिली होती, आणि ती द्यायला रांगेतली वीस माणसं हजर होती.

सुखरामचा राग गेला, पण त्याच्या जागी दुसरंच काही आलं. दौलतरावांचं चांदीचं, कोरडं, नेटकं, कड आखलेली. आपलं मात्र विरलेलं आणि झिरपणारं. "बाई," त्याने विचारलं, "दोन्हींत मोठा रोग कोणता?"

"याच्यात मोठा-लहान नसतो."

"तरी?"

"त्यांचा जास्त चिवट. आयुष्यभर येत-जात राहील. तुमचा नीट काळजी घेतली तर पुष्कळ आटोक्यात राहील."

दौलतरावांनी मान ताठ केली. आजवर कशातही रेल्वेच्या पुढे जाता आलं नव्हतं.

सुखरामसोबत आलेल्या अंजनाबाई आता पुढे आल्या. "डॉक्टरीणबाई, लागते का हे? एकाचं दुसऱ्याले?"

"नाही. दोन्हींपैकी एकही नाही. एका ताटात जेवा."

"अन् मुलीत उतरते का? यायची पोरगी आमी करून राहिलो."

दौलतरावांची मान पुन्हा खाली गेली. बाई अंजनाबाईंकडे वळल्या. "सोरायसिस घराण्यात असू शकतो. उतरेलच असं नाही, बहुतेकांत उतरत नाही. मी खोटं सांगणार नाही, आणि लग्न करा की नका करू हेही सांगणार नाही."

अंजनाबाईंनी एकदा दौलतरावांच्या कोपराकडे पाहिलं, एकदा आपल्या नवऱ्याच्या नडगीकडे. "पोरीच्या अंगावर आज काय हाये? काही नाई," त्या म्हणाल्या. "अन् उद्या झालं तं? यायचं झडते, आमच्या यायचं गळते. झडलेलं झाडता येते. गळलेलं मी वीस वर्षं धुवून राहिली." त्या सुखरामकडे वळल्या. "माघात तारीख पाहा म्हना भाऊजीले."

भाऊजी म्हणजे रामाजी. त्याने लगेच पाहिली.

माघापर्यंतचे दिवस सेक्टराने मजेत काढले. दौलतरावांना बाईंनी डांबराचं मलम, त्यात थर मऊ करणारं औषध, आणि रोज ऊन असं सांगितलं होतं. ते शिफ्टहून आले की अंगाला काळं फासून उघड्याने क्वार्टरासमोर खाटेवर बसत. कारखाना उभारायला आलेले, पलीकडच्या सेक्टरातले रशियन इंजिनियर असेच उघड्याने उन्हात पडत. तीन घरांतल्या लोकांनी दौलतराव रशियाला ट्रेनिंगला निघाले म्हणून पेढे मागितले. सुखरामचा इसब सुकल्यावर त्याला जस्ताचं पांढरं मलम मिळालं, वर मोजून वापरायच्या जोरदार मलमाची एक लहानशी नळी, आणि कोमट पाण्याने बिनसाबणाची आंघोळ. तो यार्डात सगळ्यांना सांगे, की आपला रोग नाण्याचा आहे, आणि व्याह्यांचा चांदीचा.

लग्न दुर्गला झालं. व्याहीभेटीत दौलतरावांनी सुखरामला मिठी मारली ती इतक्या प्रेमाने, की सुखरामच्या नव्या पांढऱ्या कोटाच्या पाठीवर दोन काळी कोपरं उमटली. अंजनाबाईंनी डाग पाहिला, डोळे मिटले, आणि अक्षता टाकल्या.

बासष्टच्या पावसाळ्यानंतर रामाजीची बदली नंदिनीला, चुनखडीच्या खाणीवरच्या दवाखान्यात झाली. पहिल्या दिवशी तो टेबलामागे बसला आणि दारात पाहिलं. रांगेतला एकूण एक माणूस डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. खाणीची धूळ. जो येई तो चांदीचा.

रामाजी उठला, बादली घेतली, आणि रांगेच्या सुरुवातीला जाऊन उभा राहिला. "पानी टाकून घ्या अंगावर," तो म्हणाला. "घासायचं नाई. तेल नाई, पावडर नाई. नुसतं पानी. मंग एकेक या, अन् मले जवळून पाहू द्या."

पुढचा माणूस छत्तीसगडी होता, त्याला यातलं अर्धंच कळलं. त्याने बादली उचलली आणि रामाजीच्याच अंगावर ओतली. रामाजीने तोंड पुसलं, त्या माणसाचा हात धरला, आणि त्याच्या मनगटावरच्या गोल चट्ट्याच्या कडेवरून सावकाश बोट फिरवू लागला.